मदत हवी आहे: नववीच्या गणिताच्या गुणांचा आयतालेख नीट वाचता येत नाहीये

कळंब्याची_आई
काल मुलाच्या शाळेत पालकसभा होती (कोल्हापुरातच). सरांनी नववीच्या गणिताच्या गुणांचा आलेख फळ्याशेजारी चिकटवला होता. गर्दीत जवळ जाता आलं नाही, म्हणून उजव्या भिंतीकडून मोबाईलवर फोटो काढला. दोन्ही भाग मिळून पेपर 80 गुणांचा, मुलाला 52 मिळालेत.

फोटोत आठ खांब दिसतात. डावीकडून मला असे वाचता आले: 1, 3, 5, 7, 10, मग एका खांबाच्या डोक्यावर ट्यूबलाइटचा चकाका आलाय, तो 11 वाटतो, मग 17 आणि शेवटी 4. खाली [0, 10], (10, 20], (20, 30] असं लिहिलंय. एका बाजूला गोल कंस आणि एका बाजूला चौकोनी, ही छपाईची चूक आहे का?

सगळ्यात उंच खांब 60 ते 70 चा आहे. म्हणजे वर्गातल्या बहुतेक मुलांना साठच्या वर आहेत आणि माझा मुलगा मागे पडलाय, असंच ना? सर मात्र म्हणाले, "वर्गाची सरासरी 50 च्या आसपास आहे, हा सरासरीच्या वर आहे." दोन्ही खरं कसं असेल? रात्रभर हेच डोक्यात आहे.

शाहूपुरीचा_नाना
ताई, काळजी करू नका. खांब उजवीकडे चढत गेलेत म्हणजे आलेख उजवीकडे झुकलेला आहे. याचा अर्थ पेपर सोपा होता आणि बहुतेकांना चांगले गुण पडलेत. उंच खांब म्हणजे जास्त मुलं, एवढं तुमचं बरोबर आहे.

गणित_मास्तर
नाना, उंच खांबाचं बरोबर सांगितलंत, पण झुकाव उलटा झाला. झुकाव उंच भागावरून ठरत नाही, शेपटावरून ठरतो. इथे लांब, बारीक होत गेलेलं शेपूट डावीकडे, शून्याच्या दिशेला आहे. म्हणून हा डावीकडे झुकलेला आलेख. वर्गावर शिकवताना दरवर्षी निम्मी मुलं हे उलटं सांगतात, कारण डोळा आधी उंच खांबाकडेच जातो.

ताई, आधी फोटोचं बघू. मोबाईलवर पट्टी लावून उंची मोजू नका. तुम्ही उजवीकडून फोटो काढलाय, त्यामुळे जवळचे खांब मोठे दिसणार आणि लांबचे आखूड. मागच्या आडव्या रेघाही तेवढ्याच तिरप्या झाल्या असतील. खांबाच्या डोक्यापासून त्याच तिरप्या रेघेवरून डावीकडच्या आकड्यापर्यंत बोट न्या, म्हणजे चूक होत नाही. आणि एक सांगा, परीक्षेला किती मुलं बसली होती?

कळंब्याची_आई
60. सरांनी सांगितलं होतं. पट्टीच लावली होती हो मी.

गणित_मास्तर
मग तुमच्या आकड्यांची बेरीज करा. 58 येते. दोन मुलं कमी पडतात. बाकीच्या सात खांबांची बेरीज 47, म्हणजे चकाकणारा खांब 11 चा नाही, 13 चा आहे. आयतालेखाचा फोटो हातात आला की सगळे खांब मिळून पटसंख्या जुळते का, हे मी पहिल्यांदा बघतो.

कंस छपाईची चूक नाही. सरांनी एक्सेलमध्ये आलेख काढलेला दिसतोय, तिथे असंच येतं. चौकोनी कंस असेल त्या बाजूचा आकडा खांबात धरलेला असतो, गोल असेल तो धरलेला नसतो. म्हणजे (50, 60] मध्ये बरोबर 60 वाला मुलगा आहे, बरोबर 50 वाला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात नेमकं उलट असतं, तिथे 60 वाला पुढच्या वर्गात जातो. तुमच्या 52 ला याने काही फरक पडत नाही.

आता मुख्य प्रश्न. उंच खांब एवढंच सांगतो की दहा-दहा गुणांचे गट केले तर सगळ्यात जास्त मुलं, 17, साठच्या पुढच्या गटात सापडतात. सगळ्यात जास्त म्हणजे अर्ध्याहून जास्त नव्हे. साठच्या वर एकूण मुलं 17 आणि 4 मिळून 21. साठपैकी एकवीस. उरलेल्या 39 जणांना 60 किंवा त्याहून कमी आहेत.

मुलाच्या वर नक्की असलेली मुलं 21, आणि नक्की खाली असलेली, म्हणजे पन्नास किंवा कमी गुणांची, 26. तो मधल्या तेरा जणांत आहे. म्हणून त्याचा नंबर 22 ते 34 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. खांबाच्या पोटात कोण कुठे आहे हे आलेख सांगत नाही.

कागलकर_दूधवाले
मी गावच्या दूध संस्थेत हिशेब बघतो. आमच्याकडं हे उलटं होतं बघा. बरेच सभासद सकाळी चार-पाच लिटर घालतात, आणि तिघं-चौघं गोठेवाले साठ-सत्तर लिटर. सरासरी काढली की नऊच्या घरात जाते, आणि नऊ लिटर घालणारा माणूस शोधून सापडत नाही. सभेत सरासरी सांगितली की लोक म्हणतात, "आमी एवढं कुठं घालतो?" तुमच्या सरांचं पण असंच काहीतरी असणार.

गणित_मास्तर
अगदी हेच, फक्त दिशा वेगळी. तुमचं शेपूट उजवीकडे, म्हणून ते सरासरीला वर ओढतं. इथे खालची मुलं तिला खाली ओढतात. प्रत्येक खांबाच्या मधल्या गुणाला मुलांच्या संख्येने गुणलं (5 गुणिले 1, 15 गुणिले 3, असं पुढे) तर बेरीज 2990 येते. भागिले 60 म्हणजे 49.8. सरांचं "50 च्या आसपास" जुळलं.

आता मुलांना गुणांप्रमाणे रांगेत उभं करा. मधली म्हणजे तिसावी आणि एकतिसावी मुलं. पन्नासपर्यंत 26 झाली, तेव्हा ती दोघं 50 ते 60 च्या खांबात सुरुवातीलाच, चौथी आणि पाचवी. ते तेरा जण समान पसरलेत असं धरलं तर मध्यक 53 च्या आसपास येतो. म्हणून 52 वाला मुलगा सरासरीच्या वर आहे आणि तरीही रांगेच्या मध्याच्या किंचित मागे असू शकतो. सर खोटं बोलले नाहीत, आणि तुमचा मुलगा मागेही पडलेला नाही. तो मधोमध आहे.

शाहूपुरीचा_नाना
शेपटाचं पटलं, माझी चूक. पण पेपर सोपा होता हे तरी बरोबर ना?

गणित_मास्तर
मला तसं वाटत नाही. पेपर सोपा असता तर मुलं शेवटच्या खांबात साचली असती. इथे 17 वरून एकदम 4 वर आलंय. सत्तरच्या आसपास काहीतरी आडवं आलंय.

कळंब्याची_आई
आत्ता मुलाला विचारलं. तो म्हणतो भूमितीतली शेवटची रचना कुणालाच जमली नाही. पण ती चारच गुणांची होती.

गणित_मास्तर
चार गुणांनी एवढा कडा पडणं अवघड आहे. पण त्या 17 जणांतले बरेचसे 67-68 वर असतील तर पडेलही. पाच-पाच गुणांचे खांब केले की कळेल. तेव्हा सगळ्यात उंच खांब दुसरीकडेच सरकला तरी नवल वाटून घेऊ नका. सरांना तेवढं विचारून बघा.

कळंब्याची_आई
सोमवारी शाळेत जाणारच आहे. 65 ते 70 मध्ये किती मुलं आहेत ते विचारते आणि इथे लिहिते.