पैसे माझे, मग मर्यादा कुणाची?

टेम्पोवाला, कराड
रविवारी जुना टेम्पो घेतला, २ लाख ४० हजारांना ठरला. यूपीआयने १ लाख गेले, पुढचे जाईनात. दुसरं ॲप उघडलं, तिसरं उघडलं, तेच रडगाणं. खात्यात पावणेतीन लाख पडून आणि मी मालकासमोर ओशाळवाणा उभा. पैसे माझे, खातं माझं, मग रोज किती पाठवायचे हे सांगणारे हे कोण? आणि प्रत्येक पद्धतीला आकडा वेगळा का?

सच्या
ॲप बदलून चालतं की राव. मी एकावरून लाख पाठवतो, दुसऱ्यावरून लाख. कधी अडलं नाही.

निवृत्त कॅशियर
सच्या, तुमचं दुसरं ॲप दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेलं असणार, म्हणून चालतं. मोजणी बँकेत, खात्यावर होते. एकाच खात्याला चार ॲपं जोडलीत तरी चार लाख होत नाहीत.

टेम्पोवाले, राग समजतो. पण यूपीआयवर समोरच्याला 'पैसे जमा' दिसतं ना, तेव्हा दोन बँकांमधला हिशेब मिटलेला नसतो. तो नंतर ठरावीक वेळी, गठ्ठ्याने मिटतो. तोवर घेणाऱ्याच्या बँकेने एका अर्थी पदरचे पैसे दिलेले असतात. आयएमपीएसचंही तसंच, तिथे वरची सीमा ५ लाख. आरटीजीएसमध्ये प्रत्येक रक्कम आधी रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर इकडून तिकडे होते, मग गिऱ्हाइकाला मिळते. म्हणून त्याला रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा नाही, उलट खालची आहे, २ लाख. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्याने जातं आणि हिशेब मिटल्यावर जमा होतं, त्यालाही वर बंधन नाही. जिथे हिशेब मागून मिटतो, तिथे रक्कम लहान ठेवली आहे.

अवनी
काका, ही बँकांची आपापसातली उसनवारी झाली. तिचा भार मी का उचलायचा? आणि खरंच हिशेबाची भीती असेल, तर त्याच यूपीआयवर विम्याचा हप्ता ५ लाखांपर्यंत कसा जातो? दवाखान्याचं बिल, कॉलेजची फी, प्राप्तिकर, सगळ्यांना ५ लाख. तिथे हिशेब आधी मिटतो का?

निवृत्त कॅशियर
नाही मिटत. मुद्दा बरोबर पकडलात. हिशेब हे एक कारण, दुसरं कारण माणूस. विमा कंपनी किंवा कॉलेज व्यापारी म्हणून नोंदलेलं असतं, कागदपत्रं तपासलेली असतात, उद्या भांडायला दार असतं. टेम्पोचा मालक बँकेच्या लेखी नुसतं एक खातं. पिन टाकून गेलेला पैसा परत ओढायची कळ यूपीआयमध्ये नाही. चोर तो मिनिटात तिसऱ्या-चौथ्या खात्यात फिरवतो. २०२५ च्या सप्टेंबरात व्यापाऱ्यांच्या बऱ्याच वर्गांची मर्यादा वाढवली, पण माणसाकडून माणसाला १ लाखच ठेवली, ती याच कारणाने असं माझं मत.

सुलभाताई
मर्यादेवरून आठवलं. गेल्या महिन्यात फोन बदलला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भावजयीला दवाखान्यात दाखल केलं. मी ४० हजार भरायला गेले तर ५ हजारांच्या वर जाईना. दवाखान्याला ५ लाख म्हणता, मग मला ५ हजार का? शेवटी भाच्याने कार्ड घासलं.

निवृत्त कॅशियर
ताई, तुमची अडचण दवाखान्याची नव्हती, फोनची होती. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५ हजारांची वेसण असते. कुणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून त्याच्या फोनवर ॲप चालू केलं, तर पहिल्या दिवशी त्याचा हात ५ हजारांपुढे जाऊ नये म्हणून. अजून एक. काही ठिकाणी काउंटरवर डॉक्टरांच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर चिकटवलेला असतो. तो व्यापारी नव्हे, व्यक्ती. तिथे ५ लाखांचा नियम लागत नाही. पैसे पाठवण्याआधी नाव वाचा, दवाखान्याचं येतं की माणसाचं.

सच्या
रात्री बारानंतर नवा दिवस लागतो, तेव्हा पाठवायचे. सोपं आहे.

अवनी
माझ्या बँकेत नाही लागत. तिथे पहिल्या व्यवहारापासून २४ तास मोजतात. शनिवारी संध्याकाळी ७ ला पाठवले की रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत थांबा. आणि हे कुठे लिहिलेलं असतं? 'मर्यादा ओलांडली' एवढाच संदेश. कुणाची ओलांडली, ॲपची, बँकेची की वरच्यांची, काही नाही. मर्यादेपेक्षा हा गुपचूपपणा जास्त चीड आणतो.

निवृत्त कॅशियर
इथे मी तुमच्या बाजूचा.

टेम्पोवाला, कराड
बरं, मग त्या दिवशी मी करायला काय हवं होतं? लाख गेल्यावर उरले १ लाख ४० हजार. आरटीजीएसला २ लाख लागतात, म्हणजे ती वाट मीच स्वतः बुजवली! नेट बँकिंगमध्ये मालकाचं खातं नवं जोडलं, तर माझी बँक म्हणे नव्या खात्याला पहिल्या दिवशी ५० हजारच. ते आयएमपीएसने गेले. उरले ९०. बायकोच्या खात्यातून यूपीआय केलं तेव्हा किल्ली हातात आली.

निवृत्त कॅशियर
रविवार होता हीच मेख. आरटीजीएस २०२० पासून चोवीस तास चालतं, पण शाखा बंद आणि नव्या खात्याला पहिल्या दिवसाची आडकाठी. दोन दिवस आधीच मालकाचं खातं जोडून १ रुपया पाठवून बघितला असता, नाव जुळलं असतं आणि बँकेची मुदतही संपली असती. मग रविवारी २ लाख ४० हजार एका दणक्यात आरटीजीएसने. मात्र नेट बँकिंगची रोजची मर्यादा आधी बघून घ्यायची, काही बँका ती स्वतःच कमी ठेवतात.

बापू गवळी
एवढ्या भानगडीपेक्षा रोख मोजून द्यायचे. आमचा म्हशींचा सगळा व्यवहार रोख.

निवृत्त कॅशियर
बापू, एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर प्राप्तिकरवाले घेणाऱ्याला तेवढाच दंड लावू शकतात. म्हशीला चालेल, या टेम्पोला नाही.

अवनी
म्हणजे रोखीवरही मर्यादा, तिथेही. पण माझा मूळ आक्षेप राहिलाच. 'डिजिटल अटक' म्हणून घाबरवतात त्यात लोक स्वतः शाखेत जाऊन आरटीजीएस करतात, ठेवी मोडून. तिथे तुमची लाखाची भिंत काय कामाची? फसणारा मोठ्या रस्त्याने फसतो, अडतो मात्र टेम्पो घेणारा. कार्डाची मर्यादा मी स्वतः वरखाली करू शकते. यूपीआयची कमी करता येते, लाखाच्या वर का नाही?

निवृत्त कॅशियर
शाखेत आरटीजीएसला फॉर्म भरावा लागतो. काउंटरवरच्या माणसाला म्हाताऱ्याचा थरथरता हात दिसतो. मी स्वतः दोघांना परत पाठवलंय. रात्री अकराला फोनवर कोण बघणार?

अवनी
आणि जे तुमच्या काउंटरला आले नाहीत ते? तुमच्यासारखे सगळे नसतात काका. ज्याला हवी त्याला, शाखेत सही करून, आठवडाभर आधी मागून वाढवून द्या. चोर आठवडाभर थांबत नाही.

निवृत्त कॅशियर
आठवडाभर आधी... हं. याला विरोध करायला चटकन काही सुचत नाही. फक्त चोराने आधीच सही करायला लावली तर?

टेम्पोवाला, कराड
तुमचं चालू द्या. मला पुढच्या महिन्यात टेम्पोचा विमा भरायचाय, ११ हजार. तो तरी एका झटक्यात जाईल ना?

सच्या
जाईल. फोन बदलू नको तेवढं.