मदत हवी आहे : स्वयंपाकघरातील बोर्ड नेमका किती उंचीवर घ्यावा?

पाथर्डीफाटा_नवे_घर :
नमस्कार. घराचे वायरिंग सुरू आहे. वायरमनने ओट्यावरच्या बोर्डांच्या खुणा साडेतीन फुटांवर केल्या आहेत, तर ओट्याचे काम करणारे म्हणतात की एवढ्या उंचीवर बोर्ड फार खाली येईल. दोघेही आपलेच खरे करीत आहेत आणि उद्या सकाळी भिंतीला झिऱ्या मारायच्या आहेत. कृपया नेमकी उंची सांगावी.

गंगापूररोडकर :
स्विचबोर्ड साडेचार फुटांवरच असावा लागतो, तसा नियमच आहे. स्वयंपाकघरातही तेवढाच ठेवा, म्हणजे सगळे बोर्ड एका रेषेत दिसतील.

जुना_वायरमन :
साडेचार फूट हा नियम नव्हे, प्रघात आहे. दाराजवळच्या बोर्डाला चार ते साडेचार फुटांमधली कोणतीही उंची चालते. ओट्यावरचा बोर्ड मात्र ओट्यापासून मोजायचा असतो. पाथर्डीफाटा, तीन गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. फरशी बसली आहे का? ओटा किती उंच होणार आहे? आणि खूण बॉक्सच्या मध्यावर आहे की खालच्या कडेवर?

रामकुंडाजवळ :
आमच्याकडे २०१९ च्या पुरानंतर तळमजल्यावरचे एकूण एक सॉकेट चार फुटांच्या वर घेतले. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले की आमच्या गल्लीत काय होते, ते आम्हालाच ठाऊक. तुम्हीही खाली एकही पॉइंट ठेवू नका.

पाथर्डीफाटा_नवे_घर :
आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे पुराचा प्रश्न नाही. फरशी अजून बसलेली नाही. खाली नुसता स्लॅब आहे आणि वायरमनने तिथूनच मोजले. फरशीवाले सांगतात की मसाला आणि टाइल मिळून तीन इंच भर पडेल. ओटा ग्रॅनाइटसह चौतीस इंच, तयार फरशीपासून. खूण बॉक्सच्या खालच्या कडेची आहे.

जुना_वायरमन :
मग ओटेवाल्यांचे बरोबर आहे. साडेतीन फूट म्हणजे बेचाळीस इंच. त्यातून फरशीचे तीन गेले, एकोणचाळीस उरले. त्यातून ओट्याचे चौतीस वजा केले की ग्रॅनाइट आणि बॉक्सची खालची कड यांच्यात जेमतेम पाच इंच राहतात. एवढ्या अंतरावर ओटा धुताना पाणी उडते आणि पुढे डबे ठेवले की स्विच दिसेनासे होतात. दहा इंच ठेवा. चौतीस, दहा आणि फरशीचे तीन, म्हणजे आजच्या स्लॅबपासून सत्तेचाळीस इंचांवर बॉक्सची खालची कड येईल. त्याच्या वर कपाट करणार असाल तर त्याचा तळ कुठे येतो, तेवढे आजच विचारून घ्या.

हेच तीन इंच दाराजवळच्या बोर्डातही कमी होणार आहेत, पण तो साडेचार फुटांऐवजी सव्वाचार फुटांवर आला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ओट्यावर मात्र ते लगेच जाणवतात. म्हणून झिऱ्या मारण्यापूर्वी पाण्याच्या नळीने प्रत्येक खोलीत तयार फरशीपासून एक मीटरवर रेघ मारून घ्यावी आणि सगळी मापे त्या रेघेवरून घ्यावीत. स्लॅब कधीही सपाट नसतो. एकाच भिंतीवर दोन बोर्ड वरखाली दिसतात ते त्यामुळेच. बाथरूमची फरशी खोलगट असते, तेव्हा गिझरचा पॉइंटही तिथल्या जमिनीवरून मोजू नका.

सिडकोतील_गृहिणी :
आधी ओट्याचीच उंची तपासा. ओट्याशी कोण उभे राहणार आहे? आमच्या सासूबाईंची उंची पाच फूट आहे आणि चौतीस इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटताना त्यांचे खांदे भरून येतात. कोपर वाकवून उभे राहिल्यावर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा.

गंगापूररोडकर :
हे बोर्डाच्या प्रश्नाचे उत्तर झाले नाही.

सिडकोतील_गृहिणी :
झाले की. ओटा दोन इंच खाली गेला तर तुमची बेरीजही दोन इंचांनी बदलते.

जुना_वायरमन :
ताईंचे म्हणणे रास्त आहे. तसे झाल्यास पंचेचाळीस धरा. आणखी एक, शेगडीच्या थेट मागे बोर्ड घेऊ नका, बाजूला किमान फूटभर सरकवा. सिंकपासून शक्य तेवढा दूर.

पाथर्डीफाटा_नवे_घर :
स्वयंपाक आई करते आणि तिची उंची पाच फुटांहून थोडी कमी आहे. रात्री तिला पाटावर उभे करून कोपराचे माप घेतो, कारण तीन इंच फरशी अजून यायची आहे.

जुना_वायरमन :
पाट नको! कोपर तिच्या पायांपासून मोजायचे आहे, जमीन कोणतीही असो.

गंगापूररोडकर :
आणि फ्रिजचा पॉइंट? तो मी अजूनही साडेचार फुटांवरच घेईन.