कॅप्सूल उघडून दाणे दुधात द्यावेत का?

राजश्री (राजारामपुरी): मुलगी सहा वर्षांची. ॲसिडिटीसाठी डॉक्टरांनी ओमेप्राझोल १० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिलीय, पण तिला ती गिळता येत नाही. आत बारीक दाणे आहेत. सासूबाई म्हणतात, कोमट दुधात घालून दे. देऊ का?

अशोक: अजिबात नको. कॅप्सूल फोडायचीच नसते. माझ्या वडिलांना रक्त पातळ ठेवायला डॅबिगॅट्रान चालू आहे. ती कधीही उघडू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, कारण उघडून दिली की औषध रक्तात फार जास्त उतरतं. तुम्ही सिरप मागा.

मेघा (मेडिकल दुकानात फार्मासिस्ट): अशोककाका, तुमचं डॅबिगॅट्रानचं अगदी बरोबर आहे. तिथं वरचं कवचच महत्त्वाचं, ते काढलं तर सुमारे ७५ टक्के जास्त औषध रक्तात जातं. पण ओमेप्राझोलचं काम त्या कवचावर नाही, आतल्या प्रत्येक दाण्यावरच्या लेपावर चालतं. पोटातल्या आम्लानं हे औषध नासतं, म्हणून लेप आम्लात टिकतो आणि पुढं आतड्यात विरघळतो. दूध आंबट नसतं, त्यात लेप वाटीतच सुटायला लागतो. मग ते औषध पोटात गेलं की वाया.

राजश्रीताई, गार दही किंवा शिजवून गार केलेला सफरचंदाचा गर एक मोठा चमचा घ्या. कॅप्सूलची दोन्ही टोकं धरून हळूच ओढा, सगळे दाणे वर पसरा आणि लगेच भरवा. तिनं न चावता गिळायचं, मागोमाग पाणी. चावताना करकर आवाज आला तर लेप फुटला. आधी कालवून ठेवू नका. वाटीभर दहीभातात तर मुळीच नको, अर्धी वाटी उरली की किती औषध गेलं ते कुणाला कळणार?

संदीप: आम्ही पोराला पॅन्टोप्राझोलची गोळी खलबत्त्यात कुटून मधातून दिली. काही झालं नाही की.

मेघा: संदीपदादा, ती गोळी आहे, प्रश्न कॅप्सूलचा आहे. पण तिच्यावरही तसाच लेप असतो. कुटल्यावर त्रास दिसेलच असं नाही, औषध लागू पडत नाही एवढंच. आराम पडला होता का?

संदीप: आठवड्यानं डॉक्टरांनी औषध बदललं, हे खरं.

अशोक: म्हणजे बाहेरून दोन्ही कॅप्सूल सारख्याच, एक उघडायची, एक नाही. आईबापांनी ओळखायचं कसं? मी तर म्हणतो, विचारल्याशिवाय हात लावू नये.

मेघा: हे मान्य. नुसते दाणे दिसले म्हणून उघडू नका, औषधाचं नाव सांगून विचारा. राजश्रीताई, तुमच्या डॉक्टरांनाही एकदा फोन करा.

राजश्री: करते. आणि अर्धं थुंकलं तर दुसरी द्यायची का?

मेघा: किती गेलं हे माहीत नसताना मनानं दुसरी देऊ नका. तेही फोनवरच विचारा.

संदीप: मी तर उरलेले दाणे परत भरवले असते.