सातव्यात माहेरी गेलेल्यांनो, तुमचं कार्ड कुठं होतं? (अनुभव धागा)

रानजाई
लेकीच्या शाळेसाठी जन्मदाखला शोधत होते, तर ट्रंकेतून माझं माता-बाल संरक्षण कार्ड निघालं. ८ जानेवारी २०१८: २६ आठवडे, वजन ५४, बीपी ११०/७०, लघवी ठीक. त्याच्या खालची ओळ थेट १२ मार्चची: वजन ६३, बीपी १६०/११०, लघवीत अल्ब्युमिन दोन प्लस. मधले नऊ आठवडे कोरे. ती कोरी जागा बघून पोटात खड्डा पडला.

झालं असं, की जानेवारी संपता संपता डोहाळजेवण झालं आणि आई मला घेऊन आली. सासर नगरकडं, माहेर बीडकडं. सासरच्या आशाताईंना वाटलं, पोरगी माहेरी गेली, तिकडं बघतील. माहेरच्या आशाताईंच्या यादीत माझं नावच नाही. कार्ड पिशवीच्या तळाशी, लुगड्यांखाली.

मार्चमध्ये दोन दिवस डोकं ठणकत होतं. आई म्हणाली पित्त आहे, सुंठीचा लेप लावला. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हातात फिरत होत्या, त्या आता रुतायला लागल्या. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं काजवे. नशीब, आशाताई शेजारच्या बाळंतिणीला बघायला आल्या होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "चल, आत्ता चल." आरोग्य केंद्रात दोन्ही कुल्ल्यांवर एकेक मोठं इंजेक्शन दिलं, अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. बीपीची गोळीही दिली. मग १०८ ने जिल्ह्याला. दुसऱ्या दिवशी कळा आणवून बाळंतपण केलं, लेक २ किलो १०० ग्रॅम. आज ती मलाच दमात घेते.

तुमचं काय झालं होतं, लिहा.

चुलीपुढची
बांगड्यांचं वाचून काटा आला. भाकरी तव्यावर आहे, नंतर लिहिते.

गोदाकाठचा
बायको पहिलटकरीण आहे, पाचवा चालू. मातृ वंदनेचा हप्ता अजून जमा नाही. आधार लिंक आहे. कुणाला माहीत आहे का?

रानजाई
@गोदाकाठचा दादा, धागा वेगळा आहे 😄 बँकेचं पासबुक घेऊन आशाताईंना विचारा. आणि हप्त्याचं विचारताय तर बीपीचंही विचारा.

मावशी_लातूर
पायाला सूज म्हणजे बीपी समजायचं. मी सुनेचं मीठ पूर्ण बंद केलं होतं, सगळं व्यवस्थित झालं.

सिस्टरबाई_२२वर्षं
मावशी, अर्धं बरोबर. संध्याकाळी पायावर येणारी आणि रात्री पाय वर ठेवून झोपल्यावर उतरणारी सूज बहुतेकींना येते. सकाळी उठल्यावरही तोंड सुजलेलं, अंगठी निघत नाही, महिन्यात वजन तीन किलोच्या वर चढलं, तर ती वेगळी. आणि बीपी १६० असूनही अजिबात सूज नसलेल्या बाया मी पाहिल्यात. म्हणून सूज बघून ठरवू नका, बीपी मोजा आणि लघवीची पट्टी बघा. मीठ बंद करून हे थांबत नाही, पोरगी अळणी खाऊन जेवणच सोडते.

रानजाई, तुझ्या बाबतीत दोन गोष्टी जुळून आल्या. गरोदरपणातल्या बीपीचा हा आजार विसाव्या आठवड्यानंतर दिसायला लागतो आणि पहिलटकरणीत जास्त. आपल्याकडं नेमकं त्याच वेळी पोरीचं गाव बदलतं. कमीत कमी चार तपासण्या: पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ मध्ये, तिसरी २८ ते ३४, चौथी ३६ नंतर. तुझी तिसरीच गेली. दर महिन्याच्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. ९ फेब्रुवारी आणि ९ मार्च, दोन्ही तारखा हुकल्या.

ती इंजेक्शनं मॅग्नेशियमची, फिटचा झटका येऊ नये म्हणून. प्रत्येक बाजूला पाच ग्रॅम, मग पाठवायचं. ती दिल्याशिवाय गाडीत घातलं तर वाटेत झटका येऊ शकतो. पूर्वी मलाही वाटायचं, आधी गाडी, मग बाकीचं.

रानजाई
दोन दिवस बसता येत नव्हतं सिस्टर 😅

चुलीपुढची
आले. माझं उलटं. दर वेळी एसटी स्टँडवरून धापा टाकत जायचे नि बीपी १४०/९० यायचं. घाबरवून सोडलं मला. एका सिस्टरने पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं, मग १२०/८०. त्यात सासूबाई लोहाच्या गोळ्या चहाबरोबर द्यायच्या नि म्हणायच्या, रक्त का वाढंना! सहा महिने काळं शौच नि वर हिमोग्लोबिन नऊच.

सिस्टरबाई_२२वर्षं
चहाबरोबर लोह लागत नाही, कॅल्शियमही त्याच वेळी घेऊ नये. बसवून परत मोजलं ते योग्यच. पण दुसऱ्यांदाही १४०/९० आलं तर "चालून आली असेल" म्हणून सोडायचं नाही.

नवखा_बाप
माझ्या घरी सगळ्यांना धोक्याची लक्षणं पाठ होती, भिंतीवर तक्ता पण होता. रात्री दोनला बायकोचं पाणी गेलं, तरी आई म्हणाली सकाळपर्यंत थांबू, कळा कुठं आहेत. मी थांबलो. बाळ ठीक आहे, पण अजून राग येतो. आईचा नाही, माझा.

सिस्टरबाई_२२वर्षं
म्हणूनच मी हल्ली लक्षणांची यादी वाचून दाखवत नाही. पोरी "हो हो" म्हणतात आणि दारातून बाहेर पडल्यावर विसरतात. मी विचारते, "रात्री दोन वाजता डोकं फुटायला लागलं, तर कुणाला उठवशील?" एक पहिलटकरीण म्हणाली, "कुणालाच नाही, सकाळी सांगेन." मोबाईल नवऱ्याकडं, नवरा कारखान्यावर. मग सासूबाईंना आत बोलावलं. त्यांना म्हटलं, डोकं दुखतंय आणि नजर अंधुक झालीय, किंवा छातीखाली कळ येतेय, तर पित्ताची गोळी देत बसू नका. अंगावरून लाल गेलं, पाणी गेलं, बाळ हलायचं कमी झालं, तर कळांची वाट बघू नका. मग पोरीलाच सांगायला लावलं. तिने "बाळ हलणं" सोडून सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "नवव्यात जागा नसती, हलत नाय." तिथंच अडकलं होतं! लाथ बदलेल, पण हालचाल कमी झाली तर त्याच दिवशी यायचं, असं दोघींना परत सांगितलं.

माहेरी जाणारीला कार्डाच्या मागं तिकडच्या आशाताईंचा नंबर लिहून देते आणि तिच्यासमोर फोन लावते. फोन उचलला नाही तर मात्र माझ्याकडंही उपाय नाही.

मावशी_लातूर
पण मग सातव्यात माहेरी न्यायचंच नाही का? पोरीला विसावा कुठं मिळणार?

चुलीपुढची
मावशी, विसावा हवाच हो. सासरी मी नवव्यातही पाणी शेंदत होते.

पणजीकर
आमच्यात सातव्यातच नेतात असं नाही, नववा लागला की. बायको शहरात खाजगीत दाखवत होती, तरी गावी आल्यावर उपकेंद्रात नाव घातलं. नर्सबाई म्हणाल्या, सोनोग्राफीच्या फायली नकोत, आजचं बीपी बघू द्या.

सिस्टरबाई_२२वर्षं
न्या की माहेरी. नेलं त्या आठवड्यात उपकेंद्रात नाव घाला, एवढंच. आणि बाळंत झाली म्हणजे बीपी गेलं असं नाही, झटका नंतरही येतो. रानजाई, तुझं नंतर मोजलं होतं का?

रानजाई
दवाखान्यात होते तोवर मोजत होते. घरी आल्यावर कुणी नाही. कार्डावर तिथंही कोरंच आहे.

गोदाकाठचा
बायकोला दाखवलं सगळं. ती म्हणते डोकं तर रोजच दुखतं, तुमच्यामुळं 😬 ९ तारखेला नेतो. पासबुकपण नेऊ ना?

रानजाई
न्या 😂