शब्दचर्चा : ‘अगत्याने मदत करावी’ यातलं अगत्य प्रेमाचं की सक्तीचं?

नौपाड्याची_सून
गुहागर तालुक्यातल्या आमच्या (म्हणजे सासरच्या) गावात एक छोटं वाचनालय आहे. त्याच्या मदतीचं पत्र नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण घरात मीच तेवढी ‘मराठीवाली’. मूळ पत्र गेल्या वर्षी ठाणे-मुंबईतल्या गाववाल्यांना गेलं होतं. २१२ जणांना पाठवलं, पैसे ९ जणांनी दिले, आणि दोघांनी फोन करून भांडण काढलं. ते असं होतं :

“ज्या मातीत वाढलात तिला विसरून शहरात सुखाने राहणाऱ्या चाकरमानी बंधूंनो, आपल्या गावचे वाचनालय शेवटच्या घटका मोजत आहे. आपण समाजाचे देणे लागतो याचे भान ठेवून निदान खारीचा वाटा तरी उचलावा. अन्यथा पुढील पिढी आपल्याला माफ करणार नाही.”

मला हे बोलावणं वाटेल असं लिहायचंय. शेवटी मी “अगत्याने मदत करावी” लिहिलं, तर बेळगावचे मामेसासरे म्हणाले, “अगं, हे तर आधीच्यापेक्षा कडक झालं! अगत्य म्हणजे केलंच पाहिजे.” मी आयुष्यभर अगत्य म्हणजे दारात उभं राहून ‘या या’ म्हणणं असंच समजत आले. कोण बरोबर?

शुद्धमती
मामेसासऱ्यांना कन्नड बाधलेलं दिसतंय. अगत्य हे ‘आगत’ वरून आलं. आगत म्हणजे आलेला, पाहुणा. आगतस्वागत म्हणतोच ना आपण? पाहुण्याचं जे करायचं ते अगत्य. बिनधास्त लिहा. मात्र ‘चाकरमानी’ काढा, चाकर फारसी आहे.

ऐरोलीचा_पाऊस
आमच्या सोसायटीतही हाच प्रश्न आहे. गणपतीची वर्गणी ५०१ ठेवली तर १४ फ्लॅटवाले दार उघडत नाहीत. तुम्ही वर्गणी किती ठेवली आहे?

जुना_मुद्रितशोधक
शुद्धमती, आगत आणि अगत्य यांत ‘आ’ आणि ‘अ’चा फरक आहे, तो असा सहज पुसता येत नाही. मामेसासरे बरोबर आहेत. निदान शब्दाच्या जन्मापुरते. अगत्य हे अ-गतीचं नातलग आहे, म्हणजे दुसरी वाट नाही असं. कन्नडमध्ये आजही अगत्य म्हणजे गरज, जरुरी. आणि बेळगावला जायचीही गरज नाही, ठाण्यात एखाद्या गुजराती शेजाऱ्याच्या इमारतीतली नोटीस वाचा : ‘अगत्यनी सूचना’. ती काही प्रेमळ सूचना नसते, महत्त्वाची सूचना असते. मराठीतही ‘अगत्याचे काम आहे’ म्हणजे तातडीचं काम, हे माझ्या वडिलांच्या तोंडी सर्रास होतं.

मग प्रेम कुठून आलं? माझा तर्क असा की निमंत्रणातून. ‘अगत्य यावे’ म्हणजे न चुकता यावे. इतक्या जणांना इतक्या वेळा न चुकता या म्हटल्यावर ऐकणाऱ्याला त्यातली जबरदस्ती ऐकू येईनाशी झाली, आग्रह तेवढा उरला. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचाच प्रकार. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला विचारा.

शुद्धमती
तर्क तुमचा आणि तर्क माझा, दोन्ही तर्कच.

जुना_मुद्रितशोधक
गुजराती पाटी तर्क नाही हो. लिफ्टपाशी लावलेली आहे.

रेवती_वाशी
मी एका संस्थेसाठी बरीच वर्षं अशी पत्रं लिहिते, म्हणून अगत्य जरा बाजूला ठेवून बोलते. तुमच्या जुन्या पत्राचा घोळ एका शब्दात नाही. त्यातली क्रियापदं बघा. विसरून, लागतो, उचलावा, माफ करणार नाही. चारही वेळा वाचणारा आरोपीच्या पिंजऱ्यात. असं पत्र वाचून माणूस पैसे देतो, नाही असं नाही. पण ते सुटका करून घ्यायला देतो. दुसऱ्या वर्षी तुमचा नंबर दिसला की फोन उचलत नाही. त्या ९ जणांतले यंदा कितीजण देतात ते पाहून ठेवा, त्यावरून कळेल.

दुसरं, ‘शेवटच्या घटका मोजत आहे’. मरायला टेकलेल्यावर कोण पैसे घालतं? वाचनालय बंदच पडणार असेल तर माझे हजार रुपये बुडाले, हा पहिला विचार येतो. काय चालू आहे ते आधी सांगा, काय अडलंय ते मग.

वाचनालयाला नेमकं काय हवंय?

नौपाड्याची_सून
रेवतीताई, हे विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की पत्रात ते कुठेच नव्हतं! भिंतीला लागून दोन लाकडी कपाटं होती, पावसात ओल आली आणि मागून वाळवी लागली. दिरांनी कपाट पुढे ओढलं तर मागची फळी हातात आली, बिस्किटासारखी. पुस्तकं बहुतेक बचावली, ती सध्या शाळेच्या बाकांवर मांडली आहेत आणि गंमत म्हणजे मुलं आता जास्त नेतात, समोर दिसतात म्हणून. लोखंडी कपाटं दोन हवीत, एक साडेअकरा हजारांना, चिपळूणहून आणायचं भाडं विक्रेता देतोय. २३,००० पैकी ८,००० गावातच जमलेत.

रेवती_वाशी
पत्र झालं की हो तुमचं. हेच लिहा. बिस्किटासारखी फळीसुद्धा.

बाळ्या_गुहागरी
मी त्या २१२ मधलाच एक असावा. गावाचं नाव टाकलं नाही ते बरं केलंत वैनी. दिव्याला राहतो, साडेसहाची लोकल पकडतो. ‘शहरात सुखाने राहणाऱ्या’ वाचलं आणि डोकं फिरलं. पैसे द्यायचे होते, दिले नाहीत. ‘चाकरमानी’ला मात्र हात लावू नका. गावात एसटीतून उतरलो की म्हातारी ‘आमचो चाकरमानी इलो’ म्हणते त्यात चाकर कुठे ऐकू येत नाही. मध्यंतरी सरकारदरबारी त्याऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणायचं ठरल्याच्या बातम्या होत्या. आमची म्हातारी काय ‘कोकणवासीय इलो’ म्हणणार?

शुद्धमती
म्हातारी म्हणते ते प्रेमाने. छापील पत्रात ते चाकरच.

जुना_मुद्रितशोधक
हाच मुद्दा ‘खारीचा वाटा’ला लागू आहे, आणि त्यावर कोणी बोललं नाही. ‘माझा आपला खारीचा वाटा’ हे देणाऱ्याने नम्रपणे स्वतःबद्दल म्हणायचं. ‘फूल ना फुलाची पाकळी’ तसंच. मागणाऱ्याने दुसऱ्याला ‘तुमचा खारीचा वाटा’ म्हटलं की तुम्ही खार झालात! वर ‘निदान’ आणि ‘तरी’. बाळ्याचं डोकं फिरलं ते बरोबरच होतं.

ऐरोलीचा_पाऊस
आम्ही तर सर्रास लिहितो. ‘आपला खारीचा वाटा द्यावा.’ कोणी तक्रार केली नाही.

जुना_मुद्रितशोधक
१४ जण दार उघडत नाहीत म्हणालात ना?

नौपाड्याची_सून
😄 काका! बरं, ‘आपण समाजाचे देणे लागतो’चं काय करू? अध्यक्षांचं ते लाडकं वाक्य आहे, काढू देत नाहीत.

जुना_मुद्रितशोधक
त्यात गंमत ‘आपण’ची आहे. मराठीत आपण म्हणजे तुम्हीही आणि मी धरून सगळेही. वक्ता व्यासपीठावरून ‘आपण देणे लागतो’ म्हणतो तेव्हा तो स्वतःला धरून बोलतो, ते शोभतं. तेच पत्रात ‘आपण... उचलावा’च्या शेजारी बसलं की नुसतं ‘तुम्ही’ होतं, आणि वाक्य वसुलीचं होतं. अध्यक्षांना सांगा, क्रियापद ‘उचलूया’ करा, मग वाक्य राहू द्या. आणि ऋणाचंच काढायचं तर ऋषिऋण अध्ययनाने फिटतं, पैशाने नाही. वाचनालयात येऊन बसलं तरी फिटलं.

रेवती_वाशी
काका, व्याकरणाने मान्य, पण मी ते वाक्य काढूनच टाकेन. ‘उचलूया’ केलं तरी देण्याचा हिशोब राहतो. अध्यक्षांचं मन राखायला त्यांची सही मोठी करा.

नौपाड्याची_सून
हा मसुदा :

“सप्रेम नमस्कार. आपल्या वाचनालयाची पुस्तकं सध्या शाळेच्या बाकांवर आहेत. पावसात भिंतीकडच्या दोन लाकडी कपाटांना वाळवी लागली. ओढायला गेलो तर मागची फळी बिस्किटासारखी हातात आली. पुस्तकं बहुतेक बचावली, आणि समोर मांडल्यामुळे मुलं ती आता जास्तच नेऊ लागली आहेत. पुस्तकांसाठी लोखंडी कपाटं दोन घ्यायची आहेत. २३,००० रुपयांपैकी ८,००० गावात जमले. उरलेले १५,००० आपण मुंबई-ठाणेकर मिळून जमवूया. कोणी ५०० दिले तर एका खणाला हातभार लागेल, कोणी एक अख्खं कपाट घेतलं तर त्याचीही तयारी आहे! गणपतीला याल तेव्हा संध्याकाळी ५ ते ७ वाचनालय उघडं असतं. देणगी दिली असो वा नसो, अगत्याने या. लहानपणी नेलेलं आणि परत न केलेलं पुस्तक सापडलं तर तेही आणा, दंड माफ.”

बाळ्या_गुहागरी
दंड माफ! माझ्याकडे १९९८ सालचं एक आहे. आणतो.

रेवती_वाशी
मस्त. दोन गोष्टी. ‘एका खणाला हातभार’ छान आहे, पण नंतर त्या खणाचा फोटो त्यांना पाठवावा लागेल, नाहीतर शब्द पोकळ होतो. आणि संस्थेकडे ८०जी आहे का? असेल तर एक ओळ घाला, आणि २,००० च्या वर रोख घेऊ नका, त्या रोख रकमेवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही. मग तो पुढच्या वर्षी तुम्हालाच बोल लावतो.

नौपाड्याची_सून
८०जी नाही. मग त्याबद्दल काहीच लिहीत नाही.

शुद्धमती
‘अगत्याने या’ ठेवलंत म्हणजे माझंच बरोबर ठरलं.

जुना_मुद्रितशोधक
शब्द ‘मदत करावी’पासून उचलून ‘या’पाशी नेला, म्हणून गोड झाला. पैशाच्या शेजारी अगत्य अजूनही मामेसासऱ्यांचंच आहे.

शुद्धमती
मी ‘फोटो’ऐवजी छायाचित्र सुचवणार होते, पण राहू दे.

ऐरोलीचा_पाऊस
छान झालं पत्र. माझं मात्र राहिलंच. आमच्या बोर्डावर सेक्रेटरींनी लिहिलंय : ‘वर्गणी ऐच्छिक असून सर्वांनी ५०१ रु. अगत्याने भरावेत.’ हे कुठल्या अगत्यात धरायचं? तीन दिवसांत दोघांनी भरलेत.