नॉर्मल रिपोर्ट आणि मिसळीचा कट

“ऑडिओग्राम नॉर्मल, मग महाद्वार रोडच्या गर्दीत बायकोचं बोलणं का कळत नाही?”

कारण ऑडिओग्राम काढताना बंद खोलीत बारीक ‘टूं’ ऐकू येतो का, एवढंच बघतात. गोंगाटातून शब्द वेचणं मेंदूचं काम, ते तिथं तपासतच नाहीत. माझे दोन्ही कान १५ डेसिबलवर, म्हणजे झकास. तरी मिसळीच्या दुकानात पोऱ्यानं “कट देऊ?” विचारलं, मला “कप” ऐकू आलं. म्हटलं, चहा नको!

शेवटी ऑडिओलॉजिस्टकडं ‘स्पीच इन नॉइज’ चाचणी मागून घेतली. वाक्यं ऐकून परत म्हणायची. शांततेत सगळी बरोबर; मागं बोलण्याइतकाच गर्दीचा आवाज लावल्यावर निम्मी चुकली. पण तेवढ्यावर ‘ऑडिटरी प्रोसेसिंग’चा, म्हणजे कानानं ऐकलेलं मेंदूला नीट उलगडत नसल्याचा, शिक्का मारत नाहीत. लक्ष न टिकल्यानंही असंच होतं, म्हणून पुढच्या चाचण्या लागतात. आता भिंतीला पाठ लावून बसतो, निदान मागचा कालवा तरी कमी होतो.