मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांच्या मुलीला एमसीयू सांगितली आहे, त्या दिवशी नक्की काय होतं?

छकुलीची_आई
माझ्या मुलीला आठ महिन्यांत तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. तिन्ही वेळा ताप 103 च्या आसपास, शेवटच्या वेळी तर दोन दिवस सलाईन लावावं लागलं. कल्चरमध्ये दरवेळी ई. कोलाय. किडनीची सोनोग्राफी नॉर्मल आहे. आता डॉक्टर म्हणतात एमसीयू करा, म्हणजे शूच्या जागेतून नळी घालून मूत्राशयात औषध भरायचं आणि एक्स-रे काढायचे. पुढच्या बुधवारची वेळ मिळालीय.
सोनोग्राफी चांगली असताना हे खरंच करायला हवं का? तिला फार दुखेल का? भूल देतात का? आणि मला पाचवा महिना चालू आहे, मी तिच्याजवळ आत थांबू शकेन का? दोन रात्री झोप नाही. ज्यांच्या मुलांची झालीय त्यांनी प्लीज सांगा.

अनिकेत_पी
माझ्या माहितीप्रमाणे आता ही तपासणी सरसकट करत नाहीत. परदेशातल्या बालरोगतज्ज्ञांनी केव्हाच बंद केली. आणि सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे रिफ्लक्स नाहीच. दुसरं मत घ्या, उगाच लेकराला रेडिएशन कशाला?

शुभदा_नर्स
अनिकेत, तुमचं अर्धं बरोबर आहे. पहिल्याच तापाच्या इन्फेक्शननंतर सोनोग्राफी चांगली असेल तर थांबा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये सांगितलं. पण तापासह पुन्हा इन्फेक्शन झालं तर करा, हेही त्यातच आहे. या बाळाचं तिसरं आहे. आणि सोनोग्राफीत किडनी सुजलेली दिसली नाही म्हणजे रिफ्लक्स नाही, असं नसतं. लघवी उलटी वर जाते ती बऱ्याचदा शू करताना, मूत्राशय आवळतं तेव्हा. झोपलेल्या बाळाच्या पोटावरून मशीन फिरवून ते कसं दिसणार?

ताई, मी रेडिओलॉजीत अकरा वर्षं आहे, यात रोज मदत करते. आधी तीन गोष्टी बघा. लघवीचं ताजं कल्चर स्वच्छ आलेलं हवं, इन्फेक्शन चालू असताना नळी घालत नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस अँटिबायोटिक द्यायचं का, हे डॉक्टरांना आजच विचारा, बरेच जण देतात. आणि तुम्ही आत थांबायचं नाही. बाबा किंवा आजी थांबतील, त्यांना शिशाचा एप्रन देतो. आईच हवी असा हट्ट गरोदरपणात नको.

भूल सहसा देत नाही, कारण तिने स्वतः शू करायला हवी. जागा पुसून, जेली लावून पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जाड, मऊ नळी घालतो. रडणं येतं ते त्या अर्ध्या-एक मिनिटात, आणि पाय धरून ठेवल्याचं जास्त. मग बाटली वर टांगून औषध आपोआप थेंबथेंब आत जाऊ देतो, सिरिंजने दाबून भरत नाही. तिच्या वयाला साधारण 120 मिली मावतं. ते रक्तात टोचत नाही, मूत्राशयातच राहतं. फोटो अधूनमधून काढतो, सलग किरण चालू नसतात.

वेळ लागतो तो शू होण्याची वाट बघण्यात. दोन-तीन वर्षांची मुलं टेबलावर शू करायला लाजतात. आपणच शिकवलेलं असतं ना, चादरीवर करायची नाही! घरी सांगून ठेवा: त्या दिवशी डॉक्टरकाकांच्या पलंगावर झोपून शू करायची, कोणी रागावणार नाही. आंघोळीच्या वेळी बाहुलीवर खेळून दाखवा. आम्ही पायांवर कोमट पाणी सोडतो, नळ चालू ठेवतो. शू होतानाचा फोटो मिळाला नाही तर तपासणी अर्धवट राहते, म्हणून तिथे घाई करू नका, आम्हालाही करू देऊ नका.

मनवा_के
आमचा साडेपाच वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो. त्यालाही ही करून घ्यावी का? इन्फेक्शन कधी नाही.

शुभदा_नर्स
मनवा, नाही. ताप नाही, इन्फेक्शन नाही, दिवसा कोरडा राहतो, तर यासाठी एमसीयू करत नाहीत. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

ओंकारचे_बाबा
आमच्या मुलाची सात महिन्यांचा असताना झाली. ग्रेड 4, दोन्हीकडे. रिपोर्ट वाचून हात थरथरत होते, म्हणून आधीच सांगतो. ग्रेड 1 म्हणजे औषध फक्त किडनीच्या नळीत चढलं. 2 मध्ये किडनीपर्यंत पोचलं, पण काही फुगलेलं नाही. 3 पासून फुगवटा दिसतो, 4 मध्ये तो जास्त, आणि 5 मध्ये नळी सापासारखी वाकडीतिकडी होते. आकडा म्हणजे ऑपरेशनचा नंबर नव्हे. ओंकारची आज पाचवी दिवाळी, ऑपरेशन लागलं नाही. पण मधल्या काळात एकदा इन्फेक्शन झालं आणि उजव्या किडनीवर छोटा व्रण राहिला, तेही लपवत नाही.

छकुलीची_आई
काल झाली. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

कल्चर स्वच्छ आलं होतं. आत तिचे बाबा गेले. नळी घालताना खूप रडली, मला बाहेर ऐकू येत होतं. मग एकदम शांत. बाबांनी मोबाईलवर तिचं गाईचं गाणं लावलं होतं म्हणे. 95 मिली गेल्यावर पायाची बोटं आखडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, आता येईल. कोमट पाणी सोडलं तरी दहा मिनिटं आली नाही. मग बाबांच्या कानात विचारलं, "इथेच करू?" आणि केली. एकूण चाळीस मिनिटं.

भरताना एकाही फोटोत काही नव्हतं. शू करतानाच डावीकडे वर चढलं. डावीकडे ग्रेड 3, उजवीकडे नाही, मूत्राशय चांगलं. म्हणजे ती दहा मिनिटं थांबले नसते तर नॉर्मल म्हणून घरी आलो असतो.

संध्याकाळी शू करताना "आई, टोचतंय" म्हणून रोखून धरत होती. कोमट पाण्याच्या टबात बसवलं, तिथेच करू दिली. आज बरी आहे.

डॉक्टरांनी रात्री झोपताना एक डोस चालू ठेवायला सांगितला. व्रण आहे का ते बघायला चारेक महिन्यांनी डीएमएसए स्कॅन. आणि विचारलं, शी रोज होते का? ती तीन दिवसांनी करते, कडक. मला वाटलंच नव्हतं याचा संबंध असेल. पण वर्षानुवर्षं अँटिबायोटिक द्यायचं का, हे मनाला पटत नाहीये.

अनिकेत_पी
मी चुकीचं बोललो होतो, सॉरी. पण रोजच्या अँटिबायोटिकबद्दलची शंका माझीही कायम आहे.

शुभदा_नर्स
शंका रास्त आहे. 2014 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, 607 मुलं, दोन वर्षं. रोज औषध घेणाऱ्यांत पुन्हा इन्फेक्शन होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. पण किडनीवरच्या व्रणांत फरक दिसला नाही, आणि ज्यांना तरीही इन्फेक्शन झालं त्यांच्यात औषधाला न जुमानणारे जंतू जास्त निघाले. म्हणून ग्रेड 3 ला आमच्याकडचेच दोन डॉक्टर दोन सल्ले देतात. तीन तापानंतर मी असते तर निदान स्कॅनपर्यंत दिलं असतं. रात्रीच देतात, कारण रात्रभर लघवी साठते आणि औषध तिच्यासोबत आत राहतं.

पण शी आधी सुधारा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, शू पूर्ण होत नाही. ते तसंच राहिलं तर औषध अर्धंच काम करेल. आणि उद्यापर्यंत ताप आला किंवा शू लाल दिसत राहिली तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

ओंकारचे_बाबा
आमच्याकडे शी सुधारायला पाच महिने लागले. पायाखाली छोटं स्टूल ठेवून रोज जेवणानंतर पाच मिनिटं बसवायचो. ताई, स्कॅनला सुई लागते, पण नळी नाही. तिला हे आधीच सांगून ठेवा.